तडा टाइलला की फोटोला?

पुण्यातल्या एका भाडेकरूनं फ्लॅट सोडला. आठवड्यानं घरमालकांनी स्वयंपाकघरातल्या तडा गेलेल्या टाइलचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि डिपॉझिटमधून आठ हजार कापल्याचं कळवलं. फोटोत फेरफार झाल्याची त्याला शंका आली. पण थेट आरोप न करता त्यानं लिहिलं :

"काका, किल्ली देताना काढलेल्या माझ्या व्हिडिओत ही टाइल अखंड आहे. तुमच्या फोटोत शेजारच्या दोन टाइलांवर तेलाचा अगदी एकसारखा डाग दिसतो. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवाल का? रविवारी येऊन टाइल पाहतो. तोवर ही कपात मला मान्य नाही."

एकच डाग दोनदा दिसणं ही फोटोचा तुकडा उचलून दुसरीकडे चिकटवल्याची खूण असू शकते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्यातली तारीख-वेळेची नोंद गळते. म्हणून ती नोंद नसणं हा लबाडीचा पुरावा नव्हे. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या मूळ फाइलमध्ये ती टिकते. मात्र तीही बदलता येते. त्यामुळे पत्रातली सर्वांत वजनदार ओळ रविवारची : भिंतीवरची टाइल एडिट करता येत नाही.