प्लग कोमट लागला, तर बोर्ड काय सांगतोय?

आजच्या व्याख्यानाला येताना आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कूलर चालू असेल. त्यातल्या निम्म्या कूलरचा प्लग भिंतीत नाही, एक्स्टेंशन बोर्डात असणार, कारण खिडकी एकीकडे आणि सॉकेट दुसरीकडे. त्यात गैर काही नाही. गडबड होते ती त्याच बोर्डावर आणखी कशाकशाची भर पडते तेव्हा.

एक हिशेब मांडूया. सोलापुरातलं एक साधं घर घ्या. दिवाणखान्यात चार सॉकेटचा एक बोर्ड आहे. त्यावर कूलर 200 वॅटचा, टीव्ही 100 वॅटचा. सकाळी घाईत कुणीतरी इस्त्री लावली, 1000 वॅटची. तेवढ्यात चहासाठी इलेक्ट्रिक किटली लागली, 1500 वॅटची. एकूण झाले 2800 वॅट. याला 230 व्होल्टने भागा, सुमारे 12 अँपिअर येतात. आता बोर्ड उलटा करून बघा. मागे बहुधा 6 अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण 1380 वॅट. आपण त्याच्या दुपटीने वीज ओढतोय.

दुप्पट वीज म्हणजे दुप्पट उष्णता, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. तारेत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. बोर्ड एवढा का तापतो याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं निम्मं उत्तर सांध्यात आहे. प्लगची पिन सॉकेटमध्ये जाते तेव्हा आत पितळेच्या दोन पट्ट्या तिला चिमट्यासारख्या धरून ठेवतात. पकड घट्ट असेल तर वीज सहज जाते. वारंवार काढ-घाल केल्याने, किंवा जड चार्जर लटकत राहिल्याने ती पकड ढिली होते. मग पिन पट्टीला पूर्ण टेकत नाही, दोनचार बारीक ठिकाणी टेकते. सगळा करंट त्या अरुंद जागेतून जातो. समजा, त्या ढिल्या सांध्याचा रोध ओहमच्या दहाव्या भागापेक्षा थोडा जास्त, 0.15 ओहम झाला. 12 अँपिअर जाताना तिथे साधारण 22 वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणारे वापरतात ते सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं. म्हणजे बंद प्लॅस्टिकच्या डबीत आपण एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवलं, असं समजा.

आणि हे इथे थांबत नाही. तापल्याने पितळेचा ताण जातो, पकड आणखी सैल होते. पृष्ठभागावर काळपट थर चढतो, रोध आणखी वाढतो. रोध वाढला की उष्णता वाढते. हे चक्र एकदा सुरू झालं की आपलं आपण फिरत राहतं.

तुम्ही विचाराल, एमसीबी कशाला आहे मग? इथेच बहुतेकांची चूक होते. त्या सर्किटला 16 अँपिअरची एमसीबी असेल, तर 12 अँपिअर तिच्या दृष्टीने सगळं ठीक आहे. ती भिंतीतल्या तारेची राखण करते, तुमच्या 6 अँपिअरच्या बोर्डाची नाही. ढिल्या सांध्याने करंट वाढत नाही, म्हणून तो तिला दिसतच नाही. गळती पकडणाऱ्या ईएलसीबीलाही दिसत नाही, कारण वीज कुठे गळत नाहीये. सांध्यावर दोनेक व्होल्ट खाल्ले जातात, पण 230 मधून दोन गेले तर किटली तशीच उकळते. म्हणजे हे ओळखायला घरात एकच साधन उरतं, ते म्हणजे आपला हात आणि आपलं नाक.

हात कुठे लावायचा? लोक किटलीचा प्लग चाचपतात. पण बोर्डावरचं प्रत्येक यंत्र आपापला वाटा घेतं. सगळ्यांचा मिळून करंट जातो तो बोर्डाच्या स्वतःच्या प्लगमधून, जो भिंतीत आहे. म्हणून तो आधी तपासा. अर्धा तास वापर झाल्यावर भिंतीवरचं बटण बंद करा आणि लगेच प्लगच्या मागच्या बाजूला बोट लावा. जड भार असताना किंचित ऊब चालते. एकटा टीव्ही चालू असताना प्लग गरम लागतो, तर सांधा ढिला आहे, भार नव्हे. कितीही भार असो, पाच सेकंद हात ठेववत नसेल तर तो बोर्ड पुन्हा लावू नका. मोबाईल चार्जरचं अंग गरम होणं मात्र वेगळं, ती आतल्या सर्किटची ऊब असते. तिथे पिनांकडे लक्ष द्या.

दुसरी खूण वासाची. जळक्या रबरासारखा वास ओळखीचा आहे. पण काही प्लग आणि स्विच तापले की सुक्या मासळीसारखा वास येतो, आणि घरात कुणी बोंबील आणले नसताना आपण कचऱ्याची बादली शोधत बसतो. वास आला आणि थोड्या वेळाने गेला, तरी दोष गेला असं समजू नका. यंत्र बंद झालं, एवढंच. पिनेभोवती तपकिरी डाग, वितळलेली कड, चर्र चर्र आवाज, या त्याच्या पुढच्या पायऱ्या. वास येतोय तेव्हा प्लगला हात लावू नका. एमसीबी पाडा, मगच जवळ जा. पाणी टाकायचं नाही.

सोलापूरसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. एक, आपला मे महिना. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण साधारण 70 अंशांपर्यंत टिकतं. थंडीत खोली 20 अंशांवर असेल तर 50 अंशांची सवड मिळते. मे महिन्यात खोलीच 43 वर असेल तर उरतात 27. जो बोर्ड डिसेंबरात निभावला तो उन्हाळ्यात निभावेलच असं नाही. गुंडाळी न सोडता वापरलेली वायर, किंवा बोर्डावर पसरलेली चादर, ही सवड आणखी खाते. दोन, यंत्रमागाचं घर. सुताची रोंवटी उडून बोर्डाच्या भोकांत बसते. नुसतं प्लॅस्टिक आधी वितळतं, पण कापसाच्या तंतूंना पेटायला ठिणगी पुरते. तिथे बोर्ड जमिनीवर नको, आणि वीज बंद करून कोरड्या ब्रशने साफ करायचा.

शेवटी श्रोत्यांमधून एका काकांनी विचारलं, "पिना काळ्या पडल्यात, पॉलिश पेपरने घासून लावू का?" आमचं उत्तर असं की पिन चकचकीत होईल, पण सॉकेटच्या आतल्या पट्टीचा गेलेला ताण परत येणार नाही. नवा प्लग जुन्या सैल सॉकेटात घातला तर तोही काळा पडेल. म्हणून दोन्ही बदला. किटली, इस्त्री, गिझर यांसाठी वायरमनकडून भिंतीतच 16 अँपिअरचं सॉकेट आणि त्याला साजेशी जाड वायर घालून घ्या. जाड पिनेचा प्लग बारीक सॉकेटात बसवणारा कन्व्हर्टर तिथे वापरू नका. त्याने पिन बसते, सॉकेटची ताकद वाढत नाही. आज घरी गेल्यावर कूलरच्या बोर्डाचा भिंतीतला प्लग एकदा तपासा.