दप्तर आणि ठराव – ७ : गैरहजर संचालकाचे काय?

बँक खात्यावरच्या सह्यांचा ठराव या आठवड्यात घ्यायचा, असे गेल्या वेळी ठरले होते. तो आता पुढच्या आठवड्यात. भूम तालुक्यातल्या एका विविध कार्यकारी सेवा सोसायटीच्या संचालकाचे पत्र आले आहे. सोबत इतिवृत्त पुस्तकाच्या चार पानांच्या झेरॉक्स आहेत. त्या पानांवर जे दिसते ते धाराशिव जिल्ह्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या दप्तरात दिसते, म्हणून हा हप्ता त्या चार पानांचाच.

पत्रातली तक्रार थोडक्यात अशी. जूनच्या मासिक सभेत गोदामाचे पत्रे बदलायचा ठराव झाला. लेकीच्या सासरी कार्यक्रम होता, म्हणून हे संचालक सभेला नव्हते. पुढे लेखापरीक्षकाने त्या खर्चावर आक्षेप काढला आणि खुलासा मागणारे पत्र सगळ्या संचालकांबरोबर यांनाही आले. त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत : “मी सभेला नाही, सूचक नाही, अनुमोदकही नाही. मग मला पत्र कसं काय?”

या प्रश्नात एक जुना समज दडलेला आहे. ठरावाखाली सूचक म्हणून ज्याचे नाव लागते, उद्या काही झाले तर त्याच्याच गळ्यात येते, असे पुष्कळ संचालक धरून चालतात. म्हणून सभेत विषय मंजूर होतो, पण “सूचक कोण लिहू?” असे गटसचिवाने विचारले की सगळे एकमेकांकडे बघतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये असा फरक केलेला नाही. कलम ७३ प्रमाणे समितीच्या निर्णयाची जबाबदारी सगळ्या समिती सदस्यांवर संयुक्तपणे आणि वैयक्तिकपणे असते. सूचकाने विषय मांडला आणि अनुमोदकाने त्याला पाठिंबा दिला, एवढेच त्या दोन नावांवरून कळते. जो संचालक तोंड न उघडता बसून राहिला, तोही सूचकाइतकाच बांधला जातो.

या जबाबदारीतून बाहेर राहायच्या वाटा त्याच कलमाने दिल्या आहेत. हजर असलेल्या सदस्याला ठराव मान्य नसेल तर त्याचे विरोधी मत इतिवृत्तात नोंदले गेले पाहिजे. तशी नोंद असेल तर त्या ठरावाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. हवे असल्यास ठरावाच्या तारखेपासून सात दिवसांच्या आत तो आपला विरोध लेखी स्वरूपात निबंधकालाही कळवू शकतो. दुसरी वाट गैरहजर सदस्याची. जो सभेला नव्हता आणि ज्याने त्या सभेचे कामकाज नंतर कायम केले नाही, तोही जबाबदार धरला जात नाही. या दुसऱ्या वाटेला दोन अटी आहेत. बहुतेकांना पहिलीच ठाऊक असते.

आता झेरॉक्सकडे वळू. जूनच्या सभेच्या पानावर गटसचिवाने लिहिले आहे :

“विषय क्र. ४ : गोदाम दुरुस्ती. ठराव क्र. ४ : सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन गोदाम दुरुस्तीस सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.” त्याखाली सूचक, अनुमोदक आणि पुन्हा “ठराव सर्वानुमते मंजूर”.

हा ठराव वाचून कुठल्या गोदामाचे काय दुरुस्त झाले, किती रुपयांत आणि कुणाकडून, यातले काहीच समजत नाही. “सविस्तर चर्चा होऊन” या तीन शब्दांत चर्चाच गायब झाली आहे. पत्रलेखक लिहितात की तीन दरपत्रके आली होती आणि त्यांतले सगळ्यात कमी दराचे सोडून मधले घेतले गेले. लेखापरीक्षकाचा आक्षेप तोच आहे : कमी दराचे दरपत्रक नाकारण्याचे कारण ठरावात नाही. कारण खरे तर होते. कमी दराच्या दरपत्रकात जुने पत्रे उतरवणे आणि लोखंडी कैच्यांना रंग देणे ही कामे धरलेलीच नव्हती. शिवाय दोन संचालकांनी त्या दिवशी सभेत विरोधही केला होता, असे पत्रलेखकांच्या कानावर आले आहे. इतिवृत्तात मात्र त्याचा मागमूस नाही, कारण “सर्वानुमते” हा शब्द हाताला इतका सवयीचा झाला आहे की तो आधी लिहिला जातो आणि मत नंतर मोजले जाते.

तोच ठराव नीट लिहिला असता तर कसा दिसला असता, ते पाहू. अकरा संचालकांपैकी आठ हजर, सहा बाजूने आणि दोन विरोधात, असे धरू. आकडे नमुन्यापुरते :

“विषय क्र. ४ : संस्थेच्या गोदामाच्या छताचे गंजलेले पत्रे बदलण्याच्या कामाची दरपत्रके पाहून निर्णय घेणे.

ठराव क्र. ४ : सदर कामासाठी मागवलेली तीन दरपत्रके सचिवांनी सभेपुढे वाचून दाखवली. ती अनुक्रमे रु. १,१८,४००, रु. १,२६,००० व रु. १,३१,५०० ची आहेत. रु. १,१८,४०० च्या दरपत्रकात जुने पत्रे उतरवणे व कैच्यांना रंग देणे ही कामे समाविष्ट नाहीत, रु. १,२६,००० च्या दरपत्रकात ती समाविष्ट आहेत. सबब रु. १,२६,००० (अक्षरी रुपये एक लाख सव्वीस हजार फक्त) चे दरपत्रक मंजूर करण्यात यावे, खर्च अंदाजपत्रकातील इमारत दुरुस्ती या शीर्षाखाली टाकावा आणि काम पूर्ण झाल्यावर पाहणी करून देयक अदा करावे, असे ठरले.

सूचक : श्री. ……… अनुमोदक : श्री. ………

ठरावाच्या बाजूने ६, विरोधात २. ठराव बहुमताने मंजूर.

विरोधाची नोंद : श्री. ……… व श्री. ……… यांनी, वगळलेल्या दोन कामांचा दर पहिल्या दरपत्रकधारकाकडून मागवून मगच निर्णय घ्यावा, असे मत देऊन ठरावास विरोध केला.”

दुकानदाराचे किंवा ठेकेदाराचे नावही ठरावात यायला हवे. इथे नमुना म्हणून ते गाळले आहे. बाकी या ठरावात एकही भारदस्त शब्द नाही. लेखापरीक्षक व्हाउचर हातात घेतो, त्यावरचा ठराव क्रमांक आणि तारीख पाहतो आणि इतिवृत्त पुस्तकातले ते पान उघडतो. रक्कम, काम आणि कारण त्या पानावर सापडले की तो पुढच्या व्हाउचरकडे जातो. ७,६०० रुपये जास्त का मोजले, याचे उत्तर ठरावातच आहे. विरोध करणाऱ्या दोघांचे मत कारणासकट राहिले. आणि खाली “बहुमताने” आहे. ज्या ठरावाखाली विरोधाची नोंद आहे त्याच्याखालीच “सर्वानुमते मंजूर” लिहिले, तर दोन्ही वाक्ये एकमेकांना खोटे पाडतात. तसे पान चौकशीत आले की कुठले वाक्य खरे मानायचे, यावरच वाद सुरू होतो. कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी ठरवताना पाच वर्षांपूर्वीपर्यंतचे व्यवहार तपासता येतात. तेवढ्या काळात गटसचिव बदललेला असतो आणि सभेत कोण काय बोलले ते कुणालाच आठवत नाही. सांगायला उरते ते पान.

विरोध करणाऱ्याने एक पथ्य पाळावे. सभा संपायच्या आत आपली नोंद लिहिलेली डोळ्यांनी पाहावी. गटसचिव “नंतर लिहितो” म्हणाला, तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे सात दिवसांत पत्र देऊन पोच घ्यावी. १४ जूनचा ठराव असेल तर २१ जूनपर्यंत.

आता जुलैच्या सभेचे पान. पत्रलेखकांचा मूळ प्रश्न तिथेच सुटतो.

विषय क्र. १ नेहमीचाच : “मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.” ठराव क्र. १ : “मागील सभेचे इतिवृत्त सचिवांनी वाचून दाखवले, ते सर्वानुमते कायम करण्यात आले.” हजेरीत पत्रलेखकांची सही आहे. आणि ठराव क्र. १ चे अनुमोदक कोण? पत्रलेखकच.

हे कसे घडते, ते गटसचिवांना विचारले की कळते. दहा-बारा विषयांच्या सभेत तीच तीच दोन नावे सूचक-अनुमोदक म्हणून येऊ नयेत, म्हणून नावे फिरवली जातात. पहिला विषय बिनवादाचा, त्यामुळे ज्यांची नावे फारशी लागत नाहीत त्यांची तिथे घालतात. मागच्या सभेला कोण नव्हते, हे तेव्हा कुणी पाहत नाही. नाव घालताना त्या माणसाला विचारलेलेही नसते.

इतिवृत्त कायम करणे म्हणजे खरे तर एवढेच, की लिहिले आहे ते सभेत घडले त्याप्रमाणे आहे. जो सभेला नव्हता त्याला हे सांगताच येत नाही. पण कलम ७३ ने गैरहजर सदस्याची सुटका या कायम करण्याशीच जोडली आहे. त्यामुळे गैरहजर राहिलेल्या संचालकाने पहिल्या विषयाला गप्प बसणे पुरत नाही. “सर्वानुमते” या शब्दात तोही मोजला जातो. त्याने उठून सांगावे आणि ठराव क्र. १ खाली असे लिहून घ्यावे : “श्री. ……… हे दि. १४ जूनच्या सभेस गैरहजर असल्याने त्या सभेचे इतिवृत्त कायम करण्यात त्यांचा सहभाग नाही. उर्वरित उपस्थित सदस्यांनी इतिवृत्त कायम केले.” यात कुणावर आरोप होत नाही, अध्यक्षांनाही वाईट वाटायचे कारण नाही. सूचक-अनुमोदक मात्र मागच्या सभेला हजर असलेल्यांपैकीच हवेत.

झेरॉक्समध्ये आणखी एक गोष्ट दिसते. जूनच्या पानावर “गोदाम” या शब्दाच्या वर वेगळ्या शाईने “पत्रे बदलणे” असे बारीक अक्षरात घुसडले आहे. आक्षेप आल्यावर ते लिहिले असावे, असे शाई पाहूनच वाटते. मागच्या सभेच्या नोंदीत चूक राहिली असेल, तर ती पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना सांगावी आणि दुरुस्ती त्या पुढच्या सभेच्या इतिवृत्तात लिहावी; जुन्या पानाला हात लावू नये. ठरावच बदलायचा असेल तर नवा ठराव करावा आणि त्यात जुन्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख टाकावी. नंतर घुसडलेला शब्द खरा असला तरी त्याच्यामुळे अख्ख्या पानावर संशय येतो.

पानांच्या माथ्यावरही थोडा घोळ आहे. जूनच्या पानावर संस्थेच्या नावानंतर “जि. उस्मानाबाद”, तर जुलैच्या पानावर “जि. धाराशिव”. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले, त्यामुळे पत्त्यात धाराशिव लिहिणे बरोबरच आहे. पण ज्या संस्थांच्या नोंदणीकृत नावातच उस्मानाबाद हा शब्द आहे, त्यांनी उपविधी दुरुस्त करून नाव बदलून घेईपर्यंत ठरावात नोंदणी प्रमाणपत्रावरचेच नाव लिहावे. नाहीतर ठरावाची प्रत बँकेत दिली की नावातल्या फरकावरून ती परत येऊ शकते.

पत्रलेखकांनी आता काय करावे? जुलैचा ठराव क्र. १ झाला, तो पुसता येणार नाही. पण लेखापरीक्षकाचा आक्षेप म्हणजे नुकसान ठरले असे नव्हे. जबाबदारी ठरवण्याआधी निबंधकाने दप्तर तपासावे आणि तोटा समितीच्या कृतीमुळे झाला की तिच्या हाताबाहेरच्या कारणाने, हे पाहावे, असे कलम ७३ च सांगते. तोपर्यंत समितीने दोष दुरुस्ती अहवालात तिन्ही दरपत्रकांच्या प्रती जोडून, कमी दराच्या दरपत्रकात कोणती दोन कामे नव्हती हे लिहावे. दरपत्रके फाइलला आहेत, असे पत्रात म्हटले आहे. पत्रलेखकांनी आपला वेगळा खुलासा द्यावा : जूनच्या सभेची हजेरी, आणि जुलैच्या ठरावाला आपले नाव विचारल्याशिवाय लागले असेल तर तेही. हजेरीच्या पानाची नक्कल सोसायटीकडून रीतसर अर्ज करून, सचिवाच्या सहीशिक्क्यानिशी घ्यावी. साधी झेरॉक्स जोडू नये.

पुढच्या आठवड्यात बँक खात्यावरच्या सह्यांचा ठराव. जुने अध्यक्ष पायउतार झाले आणि नव्यांची सही बँकेत पोचली नाही, या मधल्या दिवसांत निघालेल्या धनादेशांपासून सुरुवात.