पी-हॅकिंग : निष्कर्ष हवा तसा कसा निघतो

हाती आलेली आकडेवारी वेगवेगळ्या रीतींनी तपासत राहायची, आणि ज्या रीतीने अपेक्षित निष्कर्ष निघेल तेवढीच शोधनिबंधात मांडायची, याला पी-हॅकिंग म्हणतात. यात खोटे आकडे लिहिलेले नसतात. खरे आकडेच अशा तऱ्हेने निवडले जातात की योगायोगाला पुराव्याचे रूप येते.

यातले ‘पी’ म्हणजे पी-मूल्य. प्रत्यक्षात काहीच परिणाम नसेल, तर निव्वळ योगायोगाने दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, हे ते सांगते. ते ०.०५ पेक्षा कमी आले की निष्कर्ष ‘लक्षणीय’ मानण्याचा प्रघात आहे. म्हणजे परिणामच नसलेल्या शंभर चाचण्या केल्या, तर सरासरी पाचांत तो असल्याचा भास होणार. पण हा हिशेब एकाच, आधी ठरवलेल्या चाचणीपुरता खरा असतो. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर त्यांपैकी निदान एक तरी योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरण्याची शक्यता ६४ टक्के होते.

जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि यूरी सायमनसन या संशोधकांनी २०११ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात हे मुद्दाम करून दाखवले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांना त्यांनी बीटल्सचे ‘व्हेन आय ॲम सिक्स्टी-फोर’ हे गाणे ऐकवले, तर काहींना ‘कलिंबा’ नावाची धून. नंतर सर्वांची जन्मतारीख आणि वडिलांचे वय विचारले. वीस जणांच्या माहितीवरून निष्कर्ष निघाला, की बीटल्सचे गाणे ऐकणारे सुमारे दीड वर्षाने लहान होते! पी-मूल्य होते ०.०४०.

गाणे ऐकून वय घटत नाही. मग हा आकडा आला कुठून? संशोधकांनी आधी झाकलेल्या गोष्टी मग उघड केल्या. तिसऱ्या एका गटाला लहान मुलांचे गाणे ऐकवले होते. तो गट निबंधातून वगळला होता. वयाखेरीज इतर अनेक प्रश्न विचारले होते. किती जणांवर प्रयोग करायचा हे आधी ठरवले नव्हते; साधारण दहा-दहा जण झाले की निकाल पाहिला जाई. वडिलांचे वय हिशेबात धरले नसते, तर फरक लक्षणीय ठरला नसता. यातला एकेक निर्णय सुटा पाहिला तर गैर वाटत नाही. पण अशा चार सवलती एकत्र घेतल्या, तर फसव्या निष्कर्षाची शक्यता ५ वरून सुमारे ६१ टक्क्यांवर जाते, असे त्यांना संगणकावरच्या गणनेत आढळले.

हीच निवड अख्ख्या चाचण्यांच्या पातळीवरही होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे नैराश्यावरच्या १२ औषधांच्या ७४ चाचण्यांची नोंद होती. एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तिची छापील निबंधांशी तुलना केली. प्रशासनाच्या मते ३८ चाचण्या अनुकूल होत्या. त्यांतल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ प्रतिकूल किंवा संदिग्ध चाचण्यांपैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत आणि ११ अनुकूल असल्यासारख्या मांडल्या गेल्या. त्यामुळे फक्त छापील निबंध वाचणाऱ्या डॉक्टरला ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसत; प्रत्यक्षात त्या जेमतेम निम्म्या होत्या. औषधे निरुपयोगी होती असे यातून सिद्ध होत नाही, पण त्यांचा गुण सरासरी एक तृतीयांशाने फुगलेला दिसत होता. सगळे छापील निबंध एकत्र करून सरासरी काढली तरी ही चूक निघत नाही, कारण जे वगळले ते त्या सरासरीत आलेलेच नसते.

काही खुणांवरून शंका येऊ शकते. परिणाम खरा असेल, तर अनेक निबंधांतली पी-मूल्ये ०.०१ च्या खाली अधिक सापडतात, ती ०.०५ च्या अगदी अलीकडे दाटलेली असतील, तर निवड झाल्याचा संशय बळावतो. मात्र एखाद्या सुट्या निबंधाला यावरून दोषी ठरवता येत नाही. त्यासाठी मूळ योजना आणि छापील निबंध शेजारी ठेवावे लागतात.

म्हणूनच चाचणीपूर्व नोंदणीची पद्धत आली. कोणता परिणाम मोजणार आणि किती रुग्ण घेणार, हे आधीच सार्वजनिक नोंदवहीत लिहायचे. प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांनी २००५ मध्ये ही अट घातली; भारतात औषधचाचण्यांसाठी ती २००९ पासून सक्तीची झाली. अमेरिकेतल्या हृदयविकारविषयक मोठ्या सरकारी चाचण्यांचा आढावा रॉबर्ट कॅप्लन आणि वेरोनिका आयर्विन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. २००० पूर्वीच्या ३० पैकी १७ चाचण्यांत उपचार लाभदायक ठरले होते. त्यानंतरच्या २५ पैकी केवळ २. या बदलाचे एकमेव कारण नोंदणीच, असे म्हणता येत नाही. पण त्यांना आढळलेला सर्वांत ठळक फरक तोच होता. नोंदणीलाही मर्यादा आहे : मूळ नोंद उघडून ती निबंधाशी ताडून कोणी पाहिलीच नाही, तर मोजायचे ठरलेले परिणाम नंतरही गुपचूप बदलता येतात.