जुनी निरीक्षणं आणि समोरचं सॉल्ट

बारावीच्या रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली की गेल्या वर्षीच्या मुलांनी उतरवलेली निरीक्षणं वर्गात हातोहात फिरू लागतात. कुणाला कोणतं सॉल्ट आलं, कोणत्या टेस्टला कोणता रंग दिसला, टायट्रेशनचं रीडिंग किती आलं, सगळं त्यांत असतं. ही पानं उपयोगाचीच असतात. पाठ करण्यापेक्षा ती एकमेकांशेजारी ठेवून वाचली, तर मात्र बरंच जास्त शिकवतात.

लेड नायट्रेटचंच घ्या. एका मुलीच्या पानावर लिहिलेलं असतं की द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालताच पांढरा अवक्षेप आला, म्हणजे सॉल्ट पहिल्या गटातलं. दुसऱ्या मुलाच्या पानावर त्याच सॉल्टला पहिल्या गटात काहीच दिसलेलं नसतं. हायड्रोजन सल्फाइड सोडल्यावर काळा अवक्षेप आला म्हणून त्याने दुसरा गट लिहिलेला असतो. वाचणाऱ्याला वाटतं, यातलं एक नक्की चुकलंय. खरं तर दोघांनीही दिसलं तेच लिहिलेलं असू शकतं. लेड क्लोराइड थंड पाण्यातही थोडं विरघळतं. द्रावण पातळ असेल तर अवक्षेप दिसतच नाही आणि लेड पुढच्या गटात उतरतं. म्हणून तुमच्या परीक्षानळीत पहिल्या गटाला काही दिसलं नाही, तरी लेड नाही असं ठरवू नका. अवक्षेप आलाच, तर त्यात पाणी घालून तापवा, तो विरघळतो. त्या गरम द्रावणात पोटॅशियम आयोडाइड घातलं की पिवळा अवक्षेप येतो. तोही पाण्यात उकळला की विरघळतो आणि थंड होताना सोनेरी चकाकणारे स्फटिक खाली बसतात. हे दिसल्यावर लेडबद्दल शंका उरत नाही.

नायट्रेटच्या बाजूने वेगळी अडचण येते. जुन्या पानावर ‘तीव्र सल्फ्युरिक आम्लाने तपकिरी वायू’ एवढंच असतं आणि मुलं लगेच नायट्रेट लिहून मोकळी होतात. पण ब्रोमाइडसुद्धा तपकिरी वाफा देतं. त्याच नळीत तांब्याचे तुकडे टाकून तापवा. नायट्रेट असेल तर वायू गडद होतो आणि द्रावण निळसर होतं. पुढची रिंग टेस्ट लेड नायट्रेटच्या साध्या द्रावणावर केली तर सल्फेटमुळे लेड सल्फेटचा पांढरा अवक्षेप येऊन सगळं गढूळ होतं, तपकिरी कडं दिसतच नाही. त्यासाठी सोडियम कार्बोनेट एक्स्ट्रॅक्ट वापरायचा. जुन्या पानावर ‘रिंग टेस्ट नाही’ असं असेल, तर ती कोणत्या द्रावणावर केली होती हे आधी विचारा.

माझा आग्रह असा की लेखी मांडणी घरीच तयार करावी. टेस्टचा क्रम, रसायनांची नावं, समीकरणं आधी लिहून पाहावीत. निरीक्षण आणि अनुमान हे दोन रकाने मात्र कोरे ठेवावेत.

टायट्रेशनमध्ये तर जुनं रीडिंग सरळ नुकसान करतं. समजा, मोहर सॉल्टचं ०.०५ मोलर द्रावण १० मिलि घेऊन परमँगनेटशी टायट्रेट करायचंय. परमँगनेटचा एक मोल फेरसचे पाच मोल संपवतो. गेल्या वर्षी रीडिंग १०.० मिलि आलं असेल, तर ०.०५ गुणिले १० भागिले पाच गुणिले १०, म्हणजे परमँगनेट ०.०१ मोलर होतं. यंदा द्रावण नव्याने बनवलेलं असतं आणि रीडिंग ८.४ येतं. आता उत्तर सुमारे ०.०११९ मोलर, म्हणजे एका लिटरमध्ये साधारण १.८८ ग्रॅम. सूत्र, समीकरण, रंगहीन ते फिकट गुलाबी हा अंत्यबिंदू, सगळं जुन्याच पानासारखं, आकडा तेवढा वेगळा. परीक्षकाने आपलं रीडिंग आधी काढून ठेवलेलं असेल, तर १०.० लिहिणारा लगेच सापडतो. ब्युरेटवर ०.१ मिलिच्या खुणा असतात, त्यामुळे ८.४३ असं लिहिलेलं रीडिंगही खटकतं.

जुन्या पानांमधली एक चूक तर वर्षानुवर्षं उतरत येते: मोहर सॉल्टचं द्रावण तापवलं असं लिहिणं. तापवायचं असतं ते ऑक्झॅलिक आम्ल, साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत, कारण थंडीत ती अभिक्रिया फार सावकाश होते. मोहर सॉल्ट तापवलं तर हवेतल्या ऑक्सिजनने फेरस कमी होतं आणि रीडिंग खाली येतं.

आणखी एक निरीक्षण जुन्या पानांवर सहसा नसतं, कारण ते कुणी लिहून ठेवत नाही. कॉनिकल फ्लास्कमध्ये गुलाबीऐवजी तपकिरी गढूळपणा आला, तर विरल सल्फ्युरिक आम्ल कमी पडलंय आणि मँगनीज डायऑक्साइड तयार होतंय. तो फ्लास्क ओतून द्या. धुऊन, पुरेसं आम्ल घालून रीडिंग नव्याने घ्या. बिघडलेलं रीडिंग सरासरीत धरू नका.