बर्फ सुटतो तेव्हा बांगड्यात काय घडतं

मे महिना संपत आला की मासे खाणाऱ्या घरांचे फ्रीझर भरायला लागतात. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणून बांगडे, सुरमईचे तुकडे, सोललेली कोळंबी पिशव्यांत भरून ठेवायची आणि पावसात लागेल तशी एकेक पिशवी काढायची. ती काढण्याची रीत बहुतेक घरांत एकच आहे. सकाळी साडेसातला कामावर निघताना पिशवी ओट्यावर ठेवायची आणि संध्याकाळी साडेसहाला आल्यावर सुटलेले मासे साफ करायला घ्यायचे. माझ्या वहिनीही असंच करतात. "जन्मभर ओट्यावरच ठेवत आलेय, कुणाला काही झालं नाही," हे त्यांचं म्हणणं. पण दर पावसाळ्यात एखाद्या जेवणानंतर कुणाचा तरी चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं आणि घरात म्हटलं जातं, "याला मासे बाधतात." त्या माणसाला माशांची ॲलर्जी असेलच असं नाही. दोष त्या दिवशीच्या बांगड्यात असू शकतो, आणि तो ओट्यावरच्या अकरा तासांत वाढलेला असू शकतो.

पहिला गैरसमज असा, की गोठवलं म्हणजे जंतू मेले. फ्रीझरमध्ये उणे १८ अंश तापमान असतं. तिथे जंतूंची वाढ थांबते, पण त्यातले पुष्कळसे जिवंत राहतात आणि ऊब मिळाली की पुन्हा कामाला लागतात. बांगड्याच्या बाबतीत याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. बांगडा, तारली, कुपा, सुरमई या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. माशाच्या कल्ल्यांत आणि आतड्यांत राहणारे काही जंतू एक एन्झाइम, म्हणजे विकर, तयार करतात आणि ते विकर हिस्टिडिनचं हिस्टामिन करून टाकतं. ॲलर्जीत आपल्या शरीरात सुटतं तेच हे हिस्टामिन. इथे ते ताटातून पोटात जातं. हे विकर गोठवल्याने नाहीसं होत नाही. मासा गोठण्याआधी ते तयार झालेलं असेल, तर बर्फ सुटताच ते लगेच पुन्हा चालू होऊ शकतं. म्हणजे होडीवर किंवा बाजारात मासा दोन-तीन तास बर्फाविना राहिला असेल, तर त्याचा हिशेब फ्रीझर पुसत नाही. तो तिथे फक्त थांबतो आणि ओट्यावर पुढे सुरू होतो.

"पण आत अजून बर्फ असतो ना, मग मासा थंडच की," हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. ते पटण्यासारखं वाटतं, म्हणूनच त्यावर जरा थांबायला हवं. अर्धा किलो बांगड्यांची चार बोटं जाड, एकसंध गोठलेली पिशवी घ्या. उष्णता बाहेरून आत जाते. बर्फातून ती बऱ्यापैकी लवकर पुढे सरकते, पण पाण्यातून सरकण्याचा तिचा वेग बर्फाच्या साधारण चौथा हिस्साच असतो. त्यामुळे बाहेरचा थर सुटला की तोच आतल्या बर्फावर गोधडीसारखा बसतो. शिवाय बर्फ वितळवायला फार उष्णता लागते. एक किलो बर्फाचं शून्य अंशाचं पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्याच उष्णतेने तेच पाणी शून्यावरून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणून आतला गोळा तासन्‌तास शून्यावर अडकून राहतो आणि बाहेरचा थर मात्र स्वयंपाकघराच्या ३० अंशांकडे चढत जातो. आपण मधोमध बोट दाबून "अजून कडक आहे" म्हणतो, तेव्हा कडेचे मासे कधीच सुटून कोमट झालेले असू शकतात. आणि कल्ले, पोट, कातडी हे जंतूंचं सगळं सामान बाहेरच्या बाजूलाच असतं.

साधारण ५ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा मानतात. त्यातही ३० च्या आसपास त्यांना फार सोयीचं जातं. नुसता हिशेब करून पाहा. अर्ध्या तासाला संख्या दुप्पट होते असं धरलं, तर पाच तासांत दहा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे हजारावर. चांगल्या परिस्थितीत काही जंतू याहूनही भरभर वाढतात. म्हणून कच्चं मांस-मासे फ्रीजबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा नियम आहे. अर्धा किलोची गोठलेली पिशवी एवढ्या वेळात ओट्यावर सुटतच नाही. म्हणजे आपल्याकडच्या हवेत ओटा हा मार्ग मुळात उपलब्धच नाही.

यानंतर येतं सगळ्यात भक्कम वाटणारं म्हणणं: नीट उकळलं की सगळं मरतं. जंतू मरतात, हे खरं. कोंबडीतला साल्मोनेला मांस आतपर्यंत ७४ अंशांना पोहोचलं की संपतो. पण हिस्टामिन हा जंतू नाही, ते रसायन आहे. तिरफळ घालून केलेल्या आमटीत ते टिकतं, तव्यावरच्या तळणीत टिकतं, परत गोठवलं तरी टिकतं. शिजवलेलं अन्न गोठवून ठेवलं असेल, खिमा किंवा भात म्हणा, तर तिथे दुसरे जंतू असतात. हातातून येणारा स्टॅफिलोकोकस आणि भातातला बॅसिलस सेरियस उबेत वाढले की विष सोडतात, आणि त्यांची काही विषं उकळूनही जात नाहीत. कच्च्या कोंबडीत मात्र मला जास्त भीती शिजवण्याआधीची वाटते. ओट्यावर सुटलेल्या पिशवीतून गुलाबी पाणी ओघळतं, त्याच ओट्यावर कोथिंबीर चिरली जाते, आणि कोथिंबीर कुणी शिजवत नाही.

वास घेऊन कळतं का? नेहमी नाही. हिस्टामिन भरपूर असलेला बांगडा ताज्यासारखा दिसू शकतो आणि त्याला घाणेरडा वासही नसू शकतो. कधीकधी पहिल्या घासाला जिभेवर मिरीसारखी चुरचुर किंवा धातूसारखी चव जाणवते. तशी जाणवली तर घास तिथेच थांबवावा. त्रास बहुधा काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत सुरू होतो: तोंड-मान लाल होणं, डोकेदुखी, धडधड, अंगाला खाज, कधी उलटी-जुलाब. बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं, पण श्वास लागला, चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर लगेच दवाखाना गाठायचा. डॉक्टरांना कोणता मासा खाल्ला, किती वाजता खाल्ला आणि तो कसा सोडवला होता, हे सांगायचं. त्यावरून खरी ॲलर्जी की माशातलं हिस्टामिन, हे ठरवायला त्यांना मदत होते. नाहीतर एखाद्या पोराला जन्मभर मासे वर्ज्य होतात.

आता करायचं काय? सगळ्यात चांगली जागा फ्रीजच. उद्या रात्री बांगडे हवे असतील तर पिशवी आज रात्री नऊला फ्रीझरमधून काढून, खोलगट पातेल्यात ठेवून, फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात सरकवायची. पातेलं गळणाऱ्या पाण्यासाठी, आणि खालचा कप्पा अशासाठी की ते पाणी दह्या-भाजीवर पडू नये. पसरट अर्धा किलो सकाळपर्यंत बहुतेक सुटतं. एका किलोच्या ढेकळाला किंवा अख्ख्या कोंबडीला पूर्ण दिवस धरा. इथेही बाहेरचा थर आधीच सुटतो, पण तो ५ अंशांच्या वर जात नाही, एवढाच काय तो फरक. मात्र तुमचा फ्रीज खरंच ५ अंशांवर आहे का, हे पाहून घ्या. पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवला की सकाळी कळतं. सुटलेले मासे दिवसभरात, फार तर दोन दिवसांत शिजवायचे. विकतचा मासा हवा काढून घट्ट बंद केलेल्या पाकिटात असेल, तर पाकीट आधी फोडून मगच फ्रीजमध्ये ठेवा. हवेविना वाढणारा बॉट्युलिझमचा एक जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढू शकतो.

घाई असेल तर थंड पाणी. पण "थंड पाण्यात ठेवा" हा सल्ला जिथे नळाचं पाणी खरोखर थंड असतं तिथला आहे. एफएसएसएआयच्या उपाहारगृहांसाठीच्या तपासणी यादीत शेलफिश आणि सीफूडसाठी १५ अंश किंवा त्याहून थंड वाहतं पाणी आणि जास्तीत जास्त ९० मिनिटं, असं म्हटलं आहे. आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मेमध्ये ३० च्या खाली मिळणं मुश्कील. म्हणून पाच लिटर पाण्यात बर्फाचे दोन ट्रे रिकामे करा. त्याला गोठलेल्या माशांची स्वतःची थंडी मिळाली की पाणी १५ च्या आसपास येतं. पिशवी पाणी आत न शिरेल अशी घट्ट बंद करून पूर्ण बुडवायची, अर्ध्या तासाने पाणी बदलून पुन्हा थोडा बर्फ घालायचा. अर्धा किलो तासाभरात सुटतं आणि ते लगेच शिजवायचं. पाणी हवेपेक्षा कितीतरी भरभर उष्णता पोहोचवतं, म्हणून थंड पाणीही ओट्यावरच्या गरम हवेला मागे टाकतं. गरम पाणी मात्र नको. त्यात बाहेरचे मासे ओट्यावरच्यासारखेच तापतात.

मायक्रोवेव्हमध्ये कडा शिजतात आणि मधे बर्फ राहतो, कारण त्या लहरी सुटलेलं पाणी जोरात शोषतं आणि बर्फ फारच कमी. त्यात सोडवायचंच असेल तर डीफ्रॉस्टवर ठेवून मधेमधे उलटा आणि थेट कढईत घाला. मटार आणि मक्याचे दाणे सोडवायची तर गरजच नाही. ते गोठलेलेच फोडणीत टाकून नीट शिजवा. कोळंबीही गोठलेली रश्श्यात घालता येते, फक्त वेळ साधारण दीडपट लागतो.

एकदा सुटलेलं परत गोठवू नये, हा नियमही अर्धाच खरा आहे. फ्रीजमध्येच सुटलेलं आणि थंड राहिलेलं असेल तर परत गोठवता येतं. पाणी सुटून मांस थोडं चोथट होतं, एवढंच. थंड पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये सोडवलेलं आधी शिजवायचं, मग गोठवायचं. ओट्यावर दिवसभर राहिलेल्याला मात्र दोन्ही वाटा बंद.

यंदा वहिनींच्या पिशव्या भरताना मी त्यांच्यासोबत बसले. बांगड्यांचे कल्ले आणि पोट काढून ते स्वच्छ धुतले, चार-चार मासे एका थरात पसरले, आणि पिशवी दोन बोटांहून जाड होऊ दिली नाही. जाडी निम्मी झाली की सुटायचा वेळ निम्म्याहूनही कमी होतो. प्रत्येक पिशवीवर तारीख घातली. परवा रात्री त्यांचा फोन आला, "अगं, पिशवी खालच्या कप्प्यात ठेवलीय, सकाळी आठला सुटेल ना?" सुटली होती.