भाकरी, पेरू आणि जेवणावरचा चहा

लोहाच्या गोळीचं रंगीत कवच धुऊन ती वाटीभर पाण्यात विरघळवली आणि ते पाणी कपातल्या गाळलेल्या कोऱ्या चहात ओतलं. बघता बघता चहा शाईसारखा काळा झाला. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, त्याचा हा रंग. जुन्या काळी लिहायची शाई याच मेळातून बनत असे. मग लिंबू पिळलं, तर काळेपणा फिका पडू लागला. इथे लिंबातल्या क जीवनसत्त्वासोबत त्याच्या आंबटपणाचाही हात आहे, त्यामुळे पोटातही अगदी असंच घडतं असं म्हणता येत नाही. पण लोहासाठीची ओढाताण मात्र डोळ्यांना दिसते.

हीच ओढाताण ताटात पाहायला बाजरीच्या दोन भाकरी घेऊ. त्यांच्या साधारण 100 ग्रॅम पिठात 6-7 मिलिग्रॅम लोह असतं. ताट भरलेलं दिसतं, पण दाण्याच्या कोंड्यातलं फायटेट त्या लोहाला बिलगून बसतं. जठरातल्या आम्लात लोह मोकळं होतं खरं, पण अन्न पुढे लहान आतड्यात उतरलं, आम्ल निवळलं, की फायटेट त्याला पुन्हा गाठतं आणि न विरघळणारा साका तयार होतो. तो आतड्यातून तसाच पुढे निघून जातो. पाच टक्के लोह शोषलं गेलं असं धरलं, तरी रक्तात पोचतं जेमतेम 0.3 मिलिग्रॅम. पाळी चालू असलेल्या बाईला रोज दीड मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. त्यात जेवणावर लगेच चहा घेतला की ही मिळकत निम्म्याहून खाली येते. दूध घातल्यानेही फारसं काही वाचत नाही.

क जीवनसत्त्व जठरातच लोहाशी आधी जोडी जमवतं. आम्ल निवळल्यावरही ते त्याला विरघळलेलं ठेवतं, शिवाय आतड्याची पेशी ज्या रूपात लोह आत घेते त्या रूपात आणून ठेवतं. म्हणूनच ते त्याच घासांसोबत पोटात जायला हवं. सकाळी खाल्लेला आवळा रात्रीच्या भाकरीच्या कामी येत नाही.

लिंबाची एक फोड मला थोडी फसवी वाटते. अर्ध्या लिंबात क जीवनसत्त्व असतं जेमतेम दहा मिलिग्रॅम. अर्ध्या पेरूत शंभराच्या घरात. भाकरीसोबत पेरूची कोशिंबीर किंवा कच्चा कोबी, आणि चहा तासाभराने, एवढ्याने त्या जेवणातलं शोषण दुप्पट होऊ शकतं. लिंबू पिळायचंच तर भाजी चुलीवरून उतरल्यावर पिळावं, कारण उकळीत हे जीवनसत्त्व कमी होत जातं.

फायटेट आधीच कमी करण्याचा मार्गही घरातच आहे. मोड आणताना किंवा नाचणीचं पीठ आंबिलीसाठी रात्रभर आंबवताना ते बऱ्यापैकी फुटतं. ताज्या पिठाच्या भाकरीला ती संधीच मिळत नाही. मात्र हिमोग्लोबिन खरोखर उतरलेलं असेल, तर पेरूवर भागत नाही, गोळीच लागते. आणि तीही चहाच्या घोटासोबत घ्यायची नाही.