लॉकसाठी थांबताना: जागं राहावं की झोपावं?

एका खात्यातली शिल्लक दोन कोअर एकाच क्षणी बदलू लागले, तर एकाचा बदल दुसऱ्याच्या बदलाखाली पुसला जातो. म्हणून त्या नोंदीला लॉक लावतात. एक थ्रेड काम उरकेपर्यंत दुसऱ्याला थांबावं लागतं, आणि हे थांबणं दोन प्रकारचं असतं.

स्पिनलॉकमध्ये थ्रेड आपला कोअर सोडत नाही. ‘लॉक सुटलं का?’ हे तो पुन्हा पुन्हा तपासत राहतो. दुसऱ्या प्रकारात तो झोपतो. कर्नल त्याला बाजूला ठेवून कोअर दुसऱ्या कामाला देतं आणि लॉक सुटल्यावर त्याला उठवतं.

झोपणं शहाणपणाचं वाटतं, पण तेही फुकट नाही. झोपवणं आणि उठवणं यात प्रोसेसरचे काही मायक्रोसेकंद जातात. हिशेबासाठी हा खर्च ५ मायक्रोसेकंद धरू. शिल्लक बदलायला ०.२ मायक्रोसेकंद लागत असतील, तर जागं राहून तेवढाच वेळ वाया जातो, झोपलं तर त्याच्या पंचवीस पट. उलट, लॉक धरणारा थ्रेड डिस्कची वाट पाहत १० मिलिसेकंद अडकला, तर जागं राहणाऱ्याने १०,००० मायक्रोसेकंद जाळले.

अडचण अशी, की लॉक किती वेळ धरलं जाणार हे आधी कळत नाही. त्यावर जॉन आउस्टरहाउट यांनी १९८२ मध्ये मधला मार्ग सुचवला: थोडा वेळ जागं राहा, मग झोपा. हा ‘थोडा वेळ’ झोपण्याच्या खर्चाइतका, म्हणजे इथे ५ मायक्रोसेकंद ठेवला, तर सर्वांत वाईट वेळी ५ जागण्याचे आणि ५ झोपेचे असे १० जातात. भविष्य आधीच ठाऊक असणाऱ्याच्या खर्चाच्या दुपटीपलीकडे आपण कधीच जात नाही.

लिनक्समधलं म्यूटेक्स २००९ पासून याहून नेमकी खूण पाहतं. लॉक धरणारा थ्रेड या क्षणी दुसऱ्या कोअरवर चालू असेल, तर लॉक लवकर सुटण्याची शक्यता असते, म्हणून वाट पाहणारा जागा राहतो. तोच झोपला असेल, तर हाही झोपतो. एकाच कोअरच्या यंत्रावर जागणं व्यर्थ का, हेही यातून उलगडतं: आपणच कोअर अडवून बसलो, तर लॉक धरणारा पुढे सरकणार कसा? व्हर्च्युअल मशीनवर ही खूण फसू शकते. पाहुण्या कर्नलला जो थ्रेड चालू दिसतो, त्याचा कोअर यजमान यंत्राने काढून घेतलेला असू शकतो.

काही ठिकाणी मात्र निवडच नसते. इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडला झोपता येत नाही, तिथे स्पिनलॉकच लागतो आणि तो क्षणभरच धरायचा असतो. ही शिस्त मोडली की सगळे कोअर गजबजलेले दिसतात, पण काम पुढे सरकत नाही. अशा वेळी `perf top` चालवावं. यादीत वरच `native_queued_spin_lock_slowpath` दिसलं, तर प्रोसेसरचा वेळ लॉकच्या दारात जातो आहे. मग लॉकचा प्रकार बदलण्याआधी, लॉक धरून आपण नेमकं काय काय करतो ते तपासावं. बहुतेकदा त्यातला बराच भाग बाहेर काढता येतो.